गुरुवारची ओळ

वैजयंतीने आपलं टेबल खिडकीपाशी का हलवलं, असं कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, उजेड बरा येतो म्हणून. हे साफ खोटं होतं. खिडकीसमोर भगवंतसाहेबांची केबिन होती आणि साहेबांनी मान वर केली की पहिली नजर हर्षालीवर पडत होती. ती आता वैजयंतीवर पडायला हवी होती. एवढ्याचसाठी सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तिने वायरमन हौशीरामला हाताशी धरलं आणि सगळा संसार पंचवीस फूट पलीकडे नेला. कॉम्प्युटर नेला, फायली नेल्या, गणपतीचा फोटो नेला, आणि टेबलाखाली धूळ खात पडलेला, आठ तोंडांचा, वायरी खुपसलेला हबही नेला. हौशीराम म्हणाला, "ताई, हिथली वायर तोकडी पडतीय. जोड दिऊ का?" वैजयंती म्हणाली, "दे की. मला विचारतोस कशाला?"

हे ऑफिस म्हणजे नारायणगावहून जुन्नरला जाताना रस्त्याला लागून असलेलं द्राक्षांचं पॅकहाऊस. माल परदेशी जायचा. सकाळी बागांमधून क्रेट यायचे, बायका कात्रीने मणी साफ करून पेट्या भरायच्या, पेट्यांची थप्पी रचली की तिला पॅलेट म्हणायचं, आणि प्रत्येक पॅलेटवर लेबल लागल्याशिवाय ती थंड खोलीत जायची नाही. लेबलावर बागेचा नंबर, तारीख, वजन. हे लेबल वैजयंतीच्या कॉम्प्युटरवरून निघायचं. सात वर्षं ती हे करत होती. पिंपरी पेंढारची सून, पहाटे गोठ्यातलं आवरून, सहाची एसटी पकडून येणारी. कंपनीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा माउसला हात लावायला सगळे घाबरत होते, तेव्हा पहिला हात लावला तो हिने. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, कारण दुसरं कुणी सांगत नव्हतं.

आणि मग मे महिन्यात हर्षाली आली.

खोडदची पोरगी. वडील तिथल्या मोठ्या दुर्बिणीच्या ठिकाणी देखभालीच्या कामावर. बीएस्सी झालेली, तेवीस वर्षांची, स्कूटीवरून येणारी. स्कूटी लावून आत येताना ती तोंडावरची ओढणी सोडायची आणि आख्ख्या ऑफिसला "गुड मॉर्निंग" म्हणायची. वैजयंतीला या गुड मॉर्निंगचाच राग यायचा. सात वर्षांत तिने कधी कुणाला गुड मॉर्निंग म्हटलं नव्हतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. हर्षालीला नवा कॉम्प्युटर मिळाला, चपट्या पडद्याचा. तो सर्व्हरच्या केबिनच्या दाराशी बसवला, कारण नव्या यंत्राची वायर सरळ आतल्या मोठ्या स्विचला, सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या डब्याला, जोडायची होती. वैजयंतीच्या पडद्याला अजून पाठीमागे मोठी ढेरी होती.

तरी इथवर चाललं असतं. पण जानेवारीत साहेबांनी मीटिंग घेऊन सांगितलं की, एक मार्चपासून कागदपत्रांचा सेक्शन वेगळा होणार आणि त्याला इनचार्ज नेमायचा. "तुम्हा दोघींपैकी एक," साहेब म्हणाले. "सीझन कोण नीट सांभाळतं ते बघतो." वैजयंतीच्या पोटात त्याच क्षणी जे दुखायला लागलं ते नंतर थांबलंच नाही. सात वर्षं एका पारड्यात आणि नऊ महिने दुसऱ्यात, आणि साहेबांना म्हणे अजून बघायचंय!

टेबल हलवल्यानंतर तरी दिवस पालटायचे, तर झालं भलतंच. फेब्रुवारी उजाडला, माल वाढला आणि वैजयंतीचं नेटवर्क बसायला लागलं. सकाळी छान चालायचं. अकरा-साडेअकरा झाले की लेबलाची आज्ञा द्यावी आणि प्रिंटरने नुसतं दिव्याने डोळे मिचकावावेत. एक लेबल निघायला चार-चार मिनिटं. बाहेर पॅलेटची रांग. बायका कात्र्या खाली ठेवून बसायच्या. द्राक्षांचे देठ उन्हाळी हवेने सुकायला लागले की सुपरवायझर ओरडायचा, "ओ ताई, लेबल द्या की, माल मरतोय!" साहेब केबिनच्या काचेतून बघायचे. आता त्यांची पहिली नजर खरोखरच वैजयंतीवर पडत होती.

आणि त्याच वेळी पलीकडे हर्षालीचं यंत्र झरझर चालू! मेल जातायत, कागद स्कॅन होतायत, कानात वायर खुपसलेली, मान हलतीय. वैजयंतीचा तिळपापड व्हायचा. सगळ्यांचं अडतं आणि हिचंच कसं चालतं? तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही गाणी उतरवून घेतीय. सगळं नेट हीच ओढतीय. कानातली वायर हा पुरावाच की!

कंपनीचं कॉम्प्युटर खातं मंचरच्या मुख्य ऑफिसात होतं. तिथे ऋषी नावाचा इंजिनियर बसायचा. एका वाक्याच्या तक्रारी वाचून तो इतका वैतागला होता की त्याने सगळ्या पॅकहाऊसांत एक कागद छापून चिकटवायला लावला होता. 'नेट स्लो आहे एवढंच लिहून मेल करू नये. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या मशीनवर, काय करताना, किती वेळ, आणि त्याच वेळी कुठलं मशीन नीट चालू होतं, हे सगळं लिहावं.' तो कागद वर्षभर भिंतीवर पिवळा पडत होता आणि कुणी वाचला नव्हता. वैजयंतीने तो उभं राहून दोनदा वाचला. शेवटचं वाक्य तिला फार आवडलं. त्याच वेळी कुठलं मशीन नीट चालू होतं! जणू हर्षालीचं नाव लिहायला जागाच सोडली होती.

सोमवारी, पाच तारखेला, तिने एक जुनी शंभर पानी वही काढली आणि नोंदी सुरू केल्या. इतक्या मन लावून तिने दहावीचा अभ्यासही केला नव्हता. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं, म्हणून ती मनगटातल्या घड्याळावरून वेळ लिहायची. चहाला उठायची तेव्हा साहेबांच्या केबिनमध्ये डोकवून विचारायची, "साहेब, तुमचं पण अडकलंय ना?" पेट्यांच्या वजनकाट्यावरच्या माणसाला विचारायची. आणि प्रत्येक दिवसाच्या खाली, दुसऱ्या शाईने, एक ओळ असायचीच. 'ह. कानात वायर, ११.३५ पासून.' 'ह. हसत होती.' 'ह. चे मशीन एकदम फास्ट.'

मंगळवारी तेच, बुधवारी तेच. गुरुवारी, आठ तारखेला, हर्षाली आलीच नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आळेफाट्याला. वैजयंतीने सकाळीच लिहून ठेवलं, 'ह. रजेवर', आणि खुशीत वाट बघत बसली की आज बघा कसं नेट पळतं! आजचा दिवस चांगला गेला की खटला संपला.

अकरा चाळीसला प्रिंटर थांबला.

वैजयंतीने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. चपटा पडदा काळा होता. यंत्राचं बटण बंद, भिंतीवरचं विजेचंही बंद. तरी एक लेबल निघायला चार मिनिटं. दुपारी दीडनंतर सुरळीत. परत चार चाळीसला तेच. तिने ते लिहिलं, कारण लिहायची सवय लागली होती. पण लिहिताना तिला कुणीतरी आपली थट्टा केल्यासारखं वाटलं.

शनिवारी साडेसहाला लेबलांचं काम संपलं, तेव्हा ती मेल लिहायला बसली. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी, तशीच तेव्हा सगळे लिहायचे. मेल असा होता:

'आयटी टीम, मंचर, यांना नमस्कार. विषय: नेटवर्क स्लो असल्याबाबत.

आपल्या सूचनेप्रमाणे सविस्तर लिहीत आहे. सोमवार ५ तारखेपासून रोज दोनदा नेटवर्क बसते. सकाळी ११.४० च्या सुमारास सुरू होऊन १.३० पर्यंत, आणि संध्याकाळी ४.४० ते ६.१५. मधल्या वेळेत व सकाळी एकदम चांगले असते. स्लो होणारी मशीन चार: माझा कॉम्प्युटर, भगवंतसाहेबांचा कॉम्प्युटर, काट्याचा कॉम्प्युटर आणि लेबल प्रिंटर. नेहमी ५ सेकंदात निघणारे लेबल ३ ते ४ मिनिटे घेते, कधी अर्धेच छापते. सर्व्हरवरची फाइल उघडताना वाळूचे घड्याळ फिरत राहते. सोमवारी ११.४२ ला सुरू, मंगळवारी ११.३८, बुधवारी ११.४५ (त्या दिवशी माल उशिरा आला), शुक्रवारी ११.४०, शनिवारी ११.४१. मशीन बंद करून चालू केल्याने फरक पडत नाही. साहेबांच्या मशीनवरही पाहिले. याच वेळी नीट चालणारी मशीन दोन: हर्षाली यांचा नवीन कॉम्प्युटर व त्यांचा स्कॅनर. सदर वेळी हर्षाली यांच्या कानात वायर असते.'

बुधवार लिहून झाल्यावर ती थांबली होती. वही समोर उघडी. गुरुवारची नोंद सगळ्यांत व्यवस्थित होती, कारण त्या दिवशी तिचं लक्ष दुसरीकडे कुठे नव्हतं. तिने स्वतःशी हिशेब मांडला. पाच दिवस काय, सहा दिवस काय, रोग तोच. इंजिनियरला एक दिवस कमी मिळाल्याने काय बिघडतं? आणि गुरुवार लिहिला की हर्षाली सुटली. नऊ महिन्यांत सगळीकडून सुटलेली पोरगी इथूनही सुटणार. वैजयंतीने 'बुधवारी'नंतर स्वल्पविराम दिला आणि 'शुक्रवारी' लिहिलं.

मेल जायला सहा मिनिटं लागली. त्या दिवशी वीज कपातीने संध्याकाळचा माल थंड खोलीत जायला उशीर झाला होता, आणि नेटही अजून अडखळतच होतं. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि शेजारी 'रद्द' असं बटण होतं. सहा मिनिटं ती त्या बटणाकडे बघत बसली आणि मग पट्टी भरली.

सोमवारी ऋषीचं उत्तर आलं. 'असा मेल मला नोकरीत पहिल्यांदा मिळाला. धन्यवाद. तपासणीसाठी उद्या दिवसभर हर्षाली यांचं मशीन नेटवर्कवरून काढून ठेवा.' प्रत साहेबांना. साहेबांनी हर्षालीला आत बोलावलं. काचेतून आवाज येत नव्हता, पण वैजयंतीला दिसत होतं. हर्षाली काहीतरी विचारत होती, साहेब हात हलवत होते. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. वैजयंतीला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, उगाच कशाला नाकारायचं? त्या दिवशी तिने घरी जाताना पावशेर पेढे नेले आणि कशाचे पेढे हे घरात कुणाला सांगितलं नाही.

मंगळवारी हर्षालीची वायर स्विचमधून उपसून टेबलावर गुंडाळून ठेवली. त्या दिवशी एका कंटेनरचे कागद परदेशी मेलने जायचे होते. हर्षालीने कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, ओढणी बांधली आणि स्कूटीवरून नारायणगावच्या सायबर कॅफेत गेली. दीड तासाने धुळीने माखून परत आली, पुन्हा एक कागद चुकला म्हणून दुपारी उन्हातान्हात परत गेली.

ती तिकडे होती आणि इकडे बरोबर अकरा चाळीसला प्रिंटर थांबला. वैजयंतीला ठाऊकच होतं की थांबणार. साहेब केबिनच्या दारात येऊन म्हणाले, "आता वं? तिचं मशीन तर बंद हाय!"

"हो ना," वैजयंती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

बुधवारी सकाळी दहाला ऋषी मंचरहून मोटरसायकलवर स्वतः आला. बारीक अंगाचा, चष्मेवाला, पाठीवर सॅक. हातात वैजयंतीच्या मेलचा छापलेला कागद, पेन्सिलीने खुणा केलेला. साहेब, हर्षाली आणि चहा घेऊन आलेला हौशीराम असे सगळे तिच्या टेबलाभोवती जमले.

"मॅडम, एक विचारायचंय," ऋषी म्हणाला. "सोमवार, मंगळवार, बुधवार, आणि एकदम शुक्रवार. गुरुवारी नेट चांगलं होतं का? असेल तर मला गुरुवारीच बघावं लागेल, त्या दिवशी वेगळं काय होतं म्हणून."

वैजयंतीने मनात दोन्ही उत्तरं तोलून बघितली. चांगलं होतं म्हणावं तर सगळे विचारणार, गुरुवारी वेगळं काय होतं, आणि उत्तर एकच, हर्षाली नव्हती. एवढं सोपं होतं! एक खोटं वाक्य आणि पोरगी कायमची अडकली. वैजयंतीने ते वाक्य जिभेवर घेतलंही. पण काल उन्हातून आलेलं ते धुळीचं तोंड समोरच उभं होतं.

"आठवत नाही," ती म्हणाली.

"ताईंची वही हाय ना," हर्षाली मदतीच्या उत्साहाने म्हणाली. "ताई लई व्यवस्थित लिहीत होत्या, मी रोज बघायची." आणि वैजयंतीचा हात पोचायच्या आत तिने फायलींवरची शंभर पानी वही उचलली, उघडली आणि वाचायला लागली.

वाचता वाचता ती थांबली. तिने एक पान उलटलं, मग दुसरं. दुसऱ्या शाईच्या ओळींवर तिचे डोळे फिरताना वैजयंतीला स्पष्ट दिसत होते. ह. कानात वायर. ह. हसत होती. ह. रजेवर. वैजयंतीला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं, निदान काट्याकडून कुणी हाक तरी मारावी. कुणी मारली नाही.

"गुरुवारी पण झालंय," हर्षाली शांतपणे म्हणाली. "अकरा चाळीस ते दीड, आणि चार चाळीसला परत. मेलमध्ये टाईप करायचं राहिलं असंल ताईंचं." वही मिटून तिने आपल्या छातीशी धरली. दुसऱ्या शाईतलं एक अक्षर तिने वाचून दाखवलं नाही.

"म्हणजे रोजच," ऋषीने कागदावर लिहून घेतलं. "आणि तुम्ही गुरुवारी होता का?"

"नव्हते. रजेवर होते."

"मग तुमचं मशीन कारण नाहीच. हे आधी कळलं असतं तर कालचा दिवस वाचला असता." तो हे सहज म्हणाला, पण वैजयंतीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

हर्षाली अजून विचारात होती. "सर, हे वेळापत्रक ओळखीचं वाटतंय मला. साडेअकराला पहिली भरती थंड खोलीत जाती. गरम माल आत गेला की मोठा कॉम्प्रेसर सुरू होतो, दोन तास तरी वढतो. साडेचारला दुसरी भरती. आणि बुधवारी माल उशिरा आला तर नेट पण उशिरा बसलं, ताईंनीच लिहिलंय." ती थोडी अडखळली. "आमच्या खोडदला दुर्बिणीवाले लोकं मोटरी, वेल्डिंग, ठिणग्या यांना लई भितात. बाबा सांगतात, जवळ असलं काही चाललं की आभाळाच्या आवाजात कचरा मिसळतो. तसंच काही नसंल ना?"

ऋषीने चष्मा सारखा केला आणि तिच्याकडे असं बघितलं की वैजयंतीला तशाही अवस्थेत पुन्हा पोटात दुखलं. सहा दिवस घड्याळाला डोळे लावून बसली कोण, आणि गाठ सोडवली कुणी!

मग ऋषीने परीक्षा घेतली. वैजयंतीच्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरला हाक मारायची एक साधी आज्ञा असते. हाकेला ओ येते ती मोजायची. कॉम्प्रेसर बंद असताना शंभर हाकांना शंभर ओ. हौशीरामला सांगून कॉम्प्रेसर चालू केला, आणि पडद्यावर ओळी तुटायला लागल्या. शंभरातल्या तीस हाका वाऱ्यावर. हर्षालीच्या कॉम्प्युटरवरून, कॉम्प्रेसर चालू असतानाच, शंभराला शंभर.

"झालं," ऋषी म्हणाला. "मॅडमनी मेलमध्ये मशीनची नावं दिली तिथेच अर्धं उत्तर होतं. बसणारी चारही मशीन या टेबलाखालच्या हबवर आहेत. नीट चालणारी दोन सरळ मोठ्या स्विचवर. म्हणजे दोष हब आणि स्विच यांच्यामधल्या एकाच वायरीत. ती कुठून गेलीय?"

हौशीरामने कान खाजवला. "वरनं. छताच्या आतनं."

शिडी आली. हौशीराम वर चढला, मागे ऋषी चढला. छताची एक फळी सरकवली आणि वरून ऋषीचं हसू ऐकू आलं. हौशीरामने नेटवर्कच्या वायरीला जोड दिला होता तो पाण्याच्या मोटरीला देतात तसा. वायरीच्या आतल्या आठ बारीक तारा वीतभर सोलून, रंगाला रंग मिळवून, पीळ मारून, वर काळी टेप गुंडाळून. आणि लोंबू नये म्हणून तो जोड शेजारच्या जाडजूड केबलला सुतळीने बांधून टाकला होता. ती केबल कॉम्प्रेसरची.

"अहो, यातल्या तारा कंपनीनेच दोन-दोन वळून दिलेल्या असतात, ते वळण मुद्दाम असतं," ऋषी वरून सांगत होता. "त्याने बाहेरचा गोंगाट मरतो. तुम्ही वीतभर वळण सोडवून टाकलं आणि नेमकं गोंगाटाच्या गळ्यात बांधलं. कितीतरी निरोप वाटेतच खराब होणार. मग यंत्र तोच निरोप पुन्हा पाठवतं, पुन्हा पाठवतं. म्हणून स्लो."

"मला काय म्हाईत, साहेब," हौशीराम म्हणाला. "धा वरसं जोड देतोय, येक मोटर कधी बंद पडली न्हाय. आन् हे काम काय मी हौसेनं केलं व्हतं? वैजूताईंनी टेबल हलवाय लावलं, वायर तोकडी पडली. सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिशी."

सगळ्यांनी वैजयंतीकडे बघितलं. "उजेडासाठी," ती म्हणाली. एवढ्या हळू की शिडीवरच्यांना ऐकूही गेलं नसेल.

ऋषीने एकसंध नवी वायर टाकली, कॉम्प्रेसरच्या केबलपासून लांब, भिंतीच्या दुसऱ्या अंगाने. दोन्ही टोकांना नवी टोपणं बसवली. चार चाळीसला कॉम्प्रेसर घुमायला लागला आणि लेबलं एकामागून एक पाच सेकंदात बाहेर पडत राहिली. बाहेर बायकांनी टाळ्या वाजवल्या.

जाण्यापूर्वी ऋषी साहेबांच्या केबिनमध्ये बसला. थोड्या वेळाने साहेबांनी वैजयंतीला बोलावलं. साहेब चांगलेच खुशीत होते.

"मंचरच्या मोठ्या साहेबांनी तुमचा मेल वाचला. म्हणाले, अशी नोंद ठेवणारं माणूस कागदपत्रांवर पायजे. टेबलाचं जाऊ द्या, त्यात तुमचा काय दोष? एक तारखेपासनं इनचार्ज तुमी." मग आठवल्यासारखं म्हणाले, "आणि ह्यांना तक्रार बंद करायचा एक मेल लागतो. काय झालं, कशानं झालं, ते लिहून टाका. प्रत मला, आणि हर्षालीलाही ठेवा."

सात वर्षं वैजयंतीने या वाक्याची वाट बघितली होती. तिला वाटलं होतं, ऐकताना छाती फुलेल. ती नुसती "बरं" म्हणाली आणि बाहेर आली.

हर्षाली पाण्याच्या माठापाशी उभी होती. तिने ऐकलं होतं. "अभिनंदन, ताई," ती म्हणाली आणि वही पुढे केली. वैजयंतीने ती घेतली. हर्षाली पाणी प्यायली, पेला उपडा ठेवला आणि मग म्हणाली, "कानातल्या वायरीत गाणी नसतात, ताई. वॉकमन असतो, इंग्लिश बोलायची कॅसेट. बाहेरच्या पार्टीचा फोन आला की माझी दातखीळ बसती. तुमी सात वर्षं बोलताय, तुमाला नाय भ्या वाटत. मला वाटतं."

वैजयंतीला इंग्रजी येत नव्हतं. ती फोनवर 'येस सर, पॅलेट रेडी सर' एवढंच म्हणायची, पण न घाबरता म्हणायची. या पोरीला त्याचाही हेवा वाटत होता? म्हणजे आपण तिकडे बघून जळत होतो आणि ती इकडे बघून कॅसेट ऐकत होती! वैजयंतीला क्षणभर हसू आलं, आणि लगेच रागही आला. निदान वाईट तरी असायचं होतं हिने. शिव्या द्यायच्या होत्या, वही साहेबांपुढे आपटायची होती. मग सगळं सोपं झालं असतं.

ती टेबलाशी जाऊन बसली. समोर काचेत साहेब, खिडकीतून सगळा उजेड तिच्यावर. तिने मेल उघडला.

'आयटी टीम, मंचर. विषय: नेटवर्कची तक्रार बंद करण्याबाबत. दोष हब व स्विचमधील वायरीच्या जोडात होता. जोड २७ जानेवारीला दिला. माझे टेबल खिडकीपाशी हलवल्यामुळे वायर कमी पडली. टेबल हलवण्यास मी सांगितले. हलवण्याचे कारण उजेड हे नव्हते.'

इथे ती थांबली. मग वही उघडली आणि बघून बघून टाईप केलं.

'मागील मेलमधून एक नोंद गाळली होती ती खाली देत आहे. गुरुवार, ८ फेब्रुवारी. ११.४० ते १.३० व ४.४० ते ६.१० स्लो. मशीन तीच चार. हर्षाली रजेवर, त्यांचे मशीन पूर्ण बंद. ही ओळ राहून गेली नव्हती. ती मी मुद्दाम काढली होती. त्यामुळे त्यांचे मशीन एक दिवस विनाकारण बंद ठेवावे लागले. कॉम्प्रेसरची वेळ हर्षाली यांनी ओळखली, मी नाही.'

वाचून पाहिलं. सगळं बरोबर होतं, वेळा, मशीन, सगळं. हा मेल साहेबांनी वाचला की एक तारखेचं काय होणार, हे तिला पुरतं कळत होतं. तिने ठरवलं, पाठवून तर द्यावा. मागच्या खेपेला सहा मिनिटं लागली होती, पट्टी सरकत असते, शेजारी 'रद्द' असतं. तेवढ्यात मनाने कच खाल्ली तर बटण दाबता येईल.

तिने पाठवायचं बटण दाबलं आणि बोट 'रद्द'कडे न्यायला लागली.

पट्टी दिसलीच नाही. मेल गेला होता.

केबिनमध्ये साहेब पडद्याकडे वळले. आणि मागे, सर्व्हरच्या दाराशी, हर्षालीच्या कॉम्प्युटरवर टिंग वाजलं.